बुधाची सतरा वर्षे : आधी तारीख, मग फळ

पुण्यात पत्रिका घेऊन येणाऱ्यांचा प्रश्न बहुधा ठरलेला असतो. मुलाला बुधाची महादशा लागतेय, शिक्षण कसे होईल? किंवा, दुकान टाकायचे आहे, बुध लागल्यावर टाकू का? प्रश्न फळाचा असतो आणि उत्तरही फळाचेच मिळते. दशा ज्या तारखेला लागते म्हणून पत्रिकेत लिहिले आहे ती तारीख आली कुठून, हे कुणी विचारत नाही. बुधाच्या बाबतीत हा प्रश्न निदान या शहरात तरी आधी विचारावा, कारण एकाच जन्मवेळेवरून पुण्यात दोन तारखा निघू शकतात आणि त्यांच्यात पाच-पाच वर्षांचे अंतर पडते.

विंशोत्तरी दशेचा हिशेब चंद्रावरून चालतो. जन्मवेळी चंद्र ज्या नक्षत्रात असेल त्या नक्षत्राच्या स्वामीची महादशा जन्मतः चालू असते. नक्षत्राचा जेवढा भाग चंद्राने ओलांडला तेवढी दशा भोगून झाली असे धरायचे, उरलेली ती शिल्लक. पुढे केतू ७, शुक्र २०, रवी ६, चंद्र १०, मंगळ ७, राहू १८, गुरू १६, शनी १९ आणि बुध १७ हा क्रम, एकूण १२० वर्षे. आश्लेषा, ज्येष्ठा आणि रेवती ही बुधाची नक्षत्रे.

यातून एक गोष्ट निघते, तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. बुधाची दशा कुठल्या वयात येईल हे जन्मनक्षत्रच ठरवते. पुष्य, अनुराधा, उत्तराभाद्रपदा या शनीच्या नक्षत्रांवर जन्म असेल तर ती जन्मापासून १९ वर्षांच्या आत कधीतरी सुरू होते. पुनर्वसू, विशाखा, पूर्वाभाद्रपदा असेल तर १९ ते ३५ या वयात. आर्द्रा, स्वाती, शततारका असेल तर ३५ ते ५३ मध्ये. मृग, चित्रा, धनिष्ठा असेल तर पन्नाशी उलटल्यावर. रोहिणीच्या माणसाला साठीनंतर, आणि अश्विनी-भरणीच्या माणसाने तर तिची वाट पाहू नये. म्हणून ‘बुध शिक्षणाचा कारक’ हे वाक्य सगळ्यांना सारखे लागू पडत नाही. अनुराधेच्या मुलीला ही दशा शाळेत भेटते, विशाखेच्या तरुणाला नोकरी-धंद्याच्या उमेदीत, स्वातीच्या गृहस्थाला मुलांच्या फीचे हप्ते भरताना. बुध तोच, पण त्याला हाताळायला मिळणारे साहित्य निराळे.

आता तारखेचा घोळ. चंद्र कुठल्या नक्षत्रात आहे हे सांगायचे तर राशिचक्राचा आरंभबिंदू ठरवावा लागतो. सायन गणितातून निरयन स्थान काढताना जे अंश वजा करतात ते अयनांश, आणि ते किती घ्यायचे यावर महाराष्ट्रात मोठा वाद झाला. चित्रा तारा बरोबर १८० अंशांवर धरणारा चित्रापक्ष एका बाजूला, व्यंकटेश बापूजी केतकर त्याचे मोठे पुरस्कर्ते. मीन राशीतली रेवतीची योगतारा हाच आरंभ मानणारा रैवतपक्ष दुसऱ्या बाजूला, आणि त्या बाजूला लोकमान्य टिळक. पुण्यातून निघणारे टिळक पंचांग आजही याच पक्षाचे आहे. पुढे मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखालील पंचांग सुधारणा समितीने चित्रापक्ष स्वीकारला, १९५७ पासून राष्ट्रीय पंचांग त्यावर निघू लागले आणि बहुतेक पंचांगे, पुढे संगणकातले प्रोग्रॅमही, त्याच वाटेने गेले. तरी पुण्यात आणि कोकणात टिळक पंचांग मानणारी घरे आहेत. अधिक महिना वेगळा पडला की त्यांचा गणपती शेजाऱ्यांच्या आधी येतो, हे पुणेकरांना नवे नाही.

सणाचा फरक लगेच दिसतो, दशेचा दिसत नाही. दोन्ही पक्षांच्या अयनांशांत जवळजवळ चार अंशांचे अंतर आहे. नक्षत्र १३ अंश २० कलांचे. चार अंश म्हणजे त्याचे तीन दशांश, आणि १७ वर्षांचे तीन दशांश म्हणजे पाच वर्षे एक महिना.

हे प्रत्यक्षात कसे दिसते ते पाहायला लोकमान्यांच्या पत्रिकेइतके चांगले उदाहरण नाही. जन्म २३ जुलै १८५६, बुधवार, रत्नागिरी, सूर्योदयाच्या सुमारास, कर्क लग्न. या वेळेला चंद्राचे गणित मांडले तर चित्रापक्षाने तो मीन राशीत १८ अंशांच्या किंचित आत येतो. रेवती नक्षत्र मीनेच्या १६ अंश ४० कलांपासून सुरू होते, म्हणजे चंद्राने रेवतीचा सुमारे सव्वा अंश ओलांडला होता. १३ अंश २० कलांतले १२ अंशांहून थोडे अधिक उरले. त्याला १७ ने गुणून १३ अंश २० कलांनी भागले की जन्मतः बुधाची शिल्लक साधारण १५ वर्षे ५ महिने येते. दशा १८७१ च्या अखेरीस किंवा १८७२ उजाडताना संपते.

आता लोकमान्यांनी स्वतः उचलून धरलेल्या रैवतपक्षाने तेच गणित करा. चंद्र चार अंश पुढे सरकतो, मीनेच्या २२ अंशांजवळ जातो. नक्षत्र रेवतीच राहते, पण ओलांडलेला भाग पाच अंशांवर जातो आणि शिल्लक उरते १० वर्षे ४-५ महिने. दशा १८६६ च्या अखेरीस संपते. रेवतीचा आग्रह धरणाऱ्या माणसाचा जन्मही रेवतीवरच झाला होता, यात कुणाला योग दिसेल तर दिसो. आपल्याला दिसायला हवीत ती ही पाच वर्षे.

त्या पाच वर्षांत घडले काय? वडील गंगाधरपंत शिक्षण खात्यात होते. त्यांची बदली झाली आणि १८६६ मध्ये कुटुंब पुण्याला आले. त्याच वर्षी आई गेली. १८७१ मध्ये लग्न झाले. ऑगस्ट १८७२ मध्ये वडील वारले आणि वर्षअखेरीस लोकमान्य मॅट्रिक झाले. पुढे डेक्कन कॉलेज, १८७६ मध्ये बी. ए., १८७९ मध्ये एलएल. बी.

चित्रापक्षाचा ज्योतिषी म्हणेल, पाहा, वडिलांच्या हाताखाली संस्कृत आणि गणित पक्के झाले, पुण्याच्या शाळेत बुद्धी दिसू लागली, हे सारे बुधात. रैवतपक्षाचा म्हणेल, बुध संपता संपता रत्नागिरी सुटली आणि पुणे मिळाले, दशा बदलली तसे आयुष्य बदलले. दोघांचे वर्णन ऐकायला बरे वाटते. पण दोघांच्याही हिशेबात मॅट्रिकपासून वकिलीपर्यंतची एकूण एक परीक्षा बुधाबाहेर पडते. चित्रापक्षाने मॅट्रिक ते बी. ए. केतूच्या सात वर्षांत जातात, आणि केतू म्हणजे पुस्तकी मताने शिक्षणात खंड. ज्याचा खंड इतक्या पदव्या देऊन गेला त्याला खंड म्हणायचे का, हे ज्याने त्याने ठरवावे.

यातून कामाचा अर्थ निघतो तो असा. परंपरेने बुधाकडे दिलेले शिक्षण हे मुळाक्षरांचे, पाढ्यांचे, व्याकरणाचे आणि तर्काचे आहे. पदवी, मान्यता आणि उच्च विद्या यांसाठी जुने ग्रंथ नवमाकडे आणि गुरूकडे पाहतात. तेव्हा मुलाच्या शालेय वयात बुधाची महादशा असेल तर ज्योतिषाला ‘किती टक्के पडतील’ विचारण्यात फारसा अर्थ नाही. चतुर्थात काय आहे, पंचमेश आणि बुध यांचा संबंध कसा आहे आणि भाषा की गणित यांपैकी ओढ कुठे दिसते, हे विचारा. आणि उत्तर काहीही आले तरी मुलाची वही उघडून पडताळून पाहा.

आजच्या पुण्यातले एक उदाहरण घेऊ. समजा एका मुलीचा चंद्र चित्रापक्षाने वृश्चिकेत १५ अंशांवर आहे. नक्षत्र अनुराधा, शनीची शिल्लक दोन वर्षे साडेचार महिने. मग बुध लागतो आणि ती साडेएकोणीस वर्षांची होण्याच्या थोडे आधी संपतो. दहावी, बारावी, प्रवेश परीक्षा सगळे बुधात. तीच पत्रिका रैवतपक्षाने मांडली तर चंद्र १९ अंशांवर जातो, नक्षत्र बदलून ज्येष्ठा होते, जन्मच बुधात होतो आणि ती १४ वर्षांची होताच बुध संपतो. दहावीला केतू. आजोबांनी टिळक पंचांगावरून पत्रिका करून घेतली असेल आणि आईने मोबाइलवरच्या ॲपमध्ये तपशील भरला असेल, तर घरात नात्याने एकच मुलगी असते आणि पत्रिकेने दोन.

ओळखायचे कसे? पत्रिकेवर अयनांश छापलेले असतात, ते पाहा. २००० सालच्या आसपासचा जन्म असेल तर चित्रापक्षाचे अयनांश २३ अंश ५१ कलांच्या जवळ असतात, रैवतपक्षाचे २० अंशांच्या जरा खाली. ते वर्षाला सुमारे ५० विकला वाढतात, म्हणजे ७२ वर्षांत साधारण एक अंश, त्यामुळे तुमच्या जन्मवर्षाचा अंदाज सहज बांधता येतो. कृष्णमूर्ती पद्धतीचे अयनांश चित्रापक्षाहून पाच-सहा कलांनीच कमी, त्याने बुधाची तारीख फार तर दीड महिना हलते. अयनांश दिलेलेच नसतील तर ज्याने पत्रिका केली त्याला विचारा. ‘आमचे बरोबरच असते’ एवढेच उत्तर मिळाले तर पुढचे फळ ऐकण्याची घाई करू नका.

कुठला पक्ष खरा, या वादात इथे शिरत नाही. एकदा निवडलेला पक्ष सोडू नये, इतके मात्र आग्रहाने सांगतो. एका पक्षाने दशा काढून दुसऱ्या पक्षाच्या कुंडलीवर फळ वाचणे, किंवा यंदाचे जमले नाही म्हणून पुढच्या वेळी दुसरी तारीख धरणे, हे सर्रास चालते. असे करणाऱ्याचे भाकीत चुकूच शकत नाही, आणि जे चुकू शकत नाही त्याचा उपयोगही नसतो.

अयनांशांखेरीज आणखी दोन ठिकाणी तारीख हलते. एक जन्मवेळ. चंद्र तासाला साधारण अर्धा अंश चालतो, म्हणून बुधाच्या नक्षत्रावर जन्मलेल्याच्या वेळेत दहा मिनिटांची चूक असेल तर दशा दीडेक महिन्याने सरकते, तासाची असेल तर आठ-नऊ महिन्यांनी. रुग्णालयाच्या कागदावरची वेळ पाच-दहा मिनिटांची गोळाबेरीज असते, हे धरूनच चालावे. दुसरे, वर्ष किती दिवसांचे? बहुतेक जण ३६५ दिवसांचे सौर वर्ष घेतात, काही जण ३६० दिवसांचे सावन वर्ष. १७ वर्षांत याने तीन महिन्यांचा फरक पडतो, आणि आधीच्या दशाही त्याच मापाने मोजल्या तर पन्नाशीपर्यंत तो आठ-नऊ महिन्यांवर जातो. तेव्हा ‘१४ तारखेला बुध लागतोय, १५ ला दुकानाचे उद्घाटन ठेवू’ असे कुणी म्हणाले तर गणित त्याला एवढी सूक्ष्मता देत नाही, हे त्याला सांगायला हवे.

तारीख धरून झाली की बुध तुमच्या पत्रिकेत कोण आहे ते पाहायचे. तो सर्वांना सारखा शुभ नाही. वृषभ लग्नाला धन आणि पंचम, सिंह लग्नाला धन आणि लाभ, कन्या लग्नाला लग्न आणि दशम ही स्थाने त्याच्याकडे येतात, इथे परंपरा त्याला मोकळ्या मनाने चांगला म्हणते. मेष लग्नाला तो तृतीय आणि षष्ठाचा स्वामी. लेखणी आणि कर्ज दोन्ही त्याच्याच खिशात. वृश्चिक लग्नाला अष्टम आणि लाभ, म्हणजे पैसा येतो पण वाट आडवळणाची. धनू आणि मीन या लग्नांना तो सप्तमेश होतो, आणि द्विस्वभाव लग्नांना सप्तमेश बाधक मानतात. तिथे भागीदारीच्या प्रश्नावर जाणता ज्योतिषी जरा थांबून बोलतो.

मग बुध कुठे बसला आहे ते. स्वराशी मिथुन आणि कन्या, उच्च कन्येत, नीच मीनेत. इथे एका शब्दाने लोक विनाकारण घाबरतात : अस्तंगत. बुध आकाशात सूर्यापासून २८ अंशांहून दूर जातच नाही. १४ अंशांच्या आत आला की अस्त धरतात. म्हणजे पुष्कळ पत्रिकांत बुध अस्तंगत असणारच. त्याच कारणाने बुधादित्य योगही घरोघरी सापडतो. अस्ताने रडू नये आणि बुधादित्याने फुगू नये. दोन्ही गोष्टी बुधाच्या कक्षेमुळे होतात. बुध वर्षातून तीनेक वेळा साधारण तीन आठवडे वक्री होतो, त्याचाही महादशेशी संबंध नाही. तो गोचराचा विषय. वक्री बुधात मोबाइल घेऊ नये वगैरे सल्ले महादशेच्या नावावर खपवले जातात, ते बाजूला ठेवा.

लोकमान्यांच्या पत्रिकेत बुध मिथुनेत, स्वराशीत येतो, दोन्ही पक्षांनी. पण कर्क लग्नाला मिथुन हे बारावे स्थान, आणि बुधाची दुसरी राशी कन्या हे तिसरे. तिसरे स्थान लेखणीचे आणि पराक्रमाचे, बारावे खर्चाचे आणि बंधनाचे. केसरी लिहिणाऱ्या आणि त्याच लिखाणापायी तुरुंगात गेलेल्या माणसाला हे इतके चपखल बसते की ज्योतिषी खूश होतो. त्याहून गोडी पुढे आहे. चित्रापक्षाने शुक्र महादशेतली बुधाची अंतर्दशा १८९५ च्या सुरुवातीपासून १८९७ च्या अखेरीपर्यंत येते, आणि राजद्रोहाचा पहिला खटला, अटक आणि दीड वर्षाची शिक्षा १८९७ च्या जुलै ते सप्टेंबरमधली. बारावा बुध!

पण रैवतपक्षाने तीच अंतर्दशा १८८९ च्या अखेरीपासून १८९२ पर्यंत येते. त्या काळात काय झाले? १८९० मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडली. १८९१ मध्ये संमतिवयाच्या कायद्यावर केसरीतून जोरदार वाद घातला. साधारण त्याच सुमारास लातूरला जिनिंगच्या कारखान्यात भागीदारी केली. शिक्षणसंस्था, वृत्तपत्र आणि व्यापार, बुधाचे तिन्ही विषय एका अंतर्दशेत. हाही मेळ तितकाच पक्का वाटतो!

मागे वळून पाहताना दशा नेहमी जुळते, कारण माणसाच्या आयुष्यात दर अडीच वर्षांत काही ना काही घडतेच आणि प्रत्येक ग्रहाकडे बारा-पंधरा विषय असतात. म्हणून ज्योतिषाने तुमचे भूतकाळातले दोन प्रसंग बरोबर सांगितले, यावरून पुढचे खरे धरू नका. त्याची परीक्षा घ्यायची असेल तर पुढच्या अंतर्दशेबद्दल एक नेमके विधान लिहून मागा, तारखेसकट, आणि कागद जपून ठेवा.

अशी परीक्षा पुण्यात मोठ्या प्रमाणावर झालीही आहे. २००८ मध्ये जयंत नारळीकर, संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि पूर्वी स्वतः ज्योतिष पाहिलेले प्रकाश घाटपांडे यांनी शाळेत चमकणारी १०० मुले आणि १०० मतिमंद मुले यांच्या जन्मवेळा जमवल्या. ज्योतिषांना प्रत्येकी ४० कुंडल्या दिल्या आणि कुठली कुणाची ते सांगा म्हटले. सत्तावीस जणांनी उत्तरे पाठवली. नाणे उडवले असते तर चाळिसातली वीस बरोबर आली असती, त्यांची सरासरी सतरा-साडेसतरा आली. बुद्धीचा कारक बुध प्रत्येक कुंडलीत होताच. पत्रिकेवरून मुलाची शाखा किंवा कॉलेज ठरवण्याआधी हा निकाल पालकांना ठाऊक असावा, असे मला वाटते. दशा पाहण्याची रीत मी मोडीत काढत नाही. ती काळाकडे पाहण्याची जुनी पद्धत आहे आणि अनेकांना तिच्या आधाराने आपले प्रश्न नीट मांडता येतात. पण प्रवेशाचा अर्ज गुणपत्रिका पाहून भरावा.

आता व्यापार आणि लेखन. सतरा वर्षे हा एकसंध तुकडा नाही, त्यात नऊ अंतर्दशा आहेत आणि त्या काढायची सोपी युक्ती आहे. दोन ग्रहांची वर्षे गुणायची, शेवटचा अंक सोडून उरते ते महिने, शेवटच्या अंकाची तिप्पट ते दिवस. बुधात बुध : १७ गुणिले १७ म्हणजे २८९, म्हणून २८ महिने २७ दिवस. बुधात शुक्र : ३४०, म्हणजे ३४ महिने. बुधात राहू : ३०६, म्हणजे ३० महिने १८ दिवस. बुधात शनी : ३२३, म्हणजे ३२ महिने ९ दिवस. क्रम बुध, केतू, शुक्र, रवी, चंद्र, मंगळ, राहू, गुरू, शनी.

धंदा सुरू करण्यासाठी बुध लागताच धावू नये, असे जुन्या पद्धतीचे लोक सांगतात. पहिल्या बुध-बुधात मालाची, हिशेबाची, भाषेची तयारी होते, पाठोपाठ केतूचे वर्ष येते ते मन उडवणारे, आणि शुक्राच्या ३४ महिन्यांत गिऱ्हाईक जमते, असा त्यांचा क्रम. हे शास्त्र म्हणून माना किंवा नका मानू, नव्या धंद्याच्या चालीशी ते बरेच मिळते. लक्ष्मी रस्त्यावर किंवा मार्केट यार्डात दुकान टाकणारा माणूस तिसऱ्या-चौथ्या वर्षी स्थिरावला तर त्याला कुणी उशीर म्हणत नाही. तेव्हा भांडवलाची तयारी साडेतीन वर्षांची ठेवा. पहिल्या दिवाळीत सगळे वसूल होईल, असे बुधाच्या नावाने कुणी सांगितले तर त्याला तारण मागा.

बुधाचा व्यापार परंपरेने दलालीचा, अडतीचा, हिशेबाचा, कागदाचा आणि शब्दाचा. स्वतः माल पिकवण्यापेक्षा दोन माणसांमध्ये उभे राहण्याचा. त्यामुळे बिघडतो तोही शब्दातच. मेष आणि मकर लग्नांना बुध षष्ठेश आहे, म्हणजे उधारी, नोकर आणि स्पर्धक त्याच्या अखत्यारीत. अशा लग्नाच्या दुकानदाराला मी बुध-राहूच्या तीस महिन्यांत नवी उधारी देताना रक्कम आणि मुदत लिहून घ्यायला सांगतो. धनू-मीनवाल्यांना भागीदारीचा करार वकिलाकडून करून, नोंदवून घ्यायला सांगतो, जुना मित्र असला तरी. दशा चांगली निघाली तरी या कागदाने काही बिघडत नाही.

लेखन आणि संवादासाठी द्वितीय आणि तृतीय ही दोन स्थाने वेगळी वाचावीत. द्वितीय म्हणजे वाचा : शिकवणे, वकिली, सूत्रसंचालन, विक्री. तृतीय म्हणजे हात : लेखन, संपादन, मुद्रण, पत्रव्यवहार. कर्क आणि मेष लग्नांना बुध तृतीयेश, वृषभ आणि सिंह लग्नांना द्वितीयेश. बोलका माणूस लिहिणारा असतोच असे नाही, हे सदाशिव पेठेत वेगळे सांगावे लागू नये. बुधाच्या दशेत पुस्तक काढायचे आहे म्हणणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारावा : आजवर लिहून ठेवलेली पाने किती? शून्य असतील तर दशेला धरायला काही नाही. लोकमान्यांची बुध महादशा दोन्ही पक्षांनी सोळा वर्षांच्या आत संपली. केसरी निघाला १८८१ मध्ये, चित्रापक्ष आणि रैवतपक्ष दोन्हींनी शुक्रात. गीतारहस्य मंडालेत १९१०-११ च्या हिवाळ्यात लिहून झाले. बुध महादशा तोवर कधीच मागे पडली होती. लहानपणी पक्के झालेले संस्कृत मात्र तिथे कामी आले.

उपायांबद्दल थोडक्यात. बुधवारी हिरवे मूग दान करणे, विष्णुसहस्रनाम म्हणणे यात खर्च नाही, श्रद्धा असेल त्याने करावे. पाचू मात्र विचार करून घ्या. बुध षष्ठेश किंवा अष्टमेश असेल तर परंपरेतलेच पुष्कळ जण तो घालायला नको म्हणतात, म्हणजे सरसकट पाचू सुचवणारा माणूस त्याच्याच शास्त्राच्या विरुद्ध बोलत असतो. पाचूत तेल मुरवून भेगा झाकण्याची चाल जुनी आहे. प्रयोगशाळेचा दाखला मागा आणि ज्याने खडा सुचवला त्याच्याकडून तो विकत घेऊ नका.

शेवटची अंतर्दशा शनीची, दोन वर्षे आठ महिने नऊ दिवसांची. तिच्यानंतर केतू येतो. जुन्या सल्ल्याप्रमाणे या काळात नवे काही उघडण्यापेक्षा उघडलेले मिटवावे. व्यापाऱ्याने येणी वसूल करावीत, भागीदाराशी हिशेब जुळवून सह्या घ्याव्यात. लेखकाने प्रकाशकाकडचे करार आणि मानधनाची बाकी तपासावी. विद्यार्थ्याने अर्धवट राहिलेला अभ्यासक्रम पुरा करून प्रमाणपत्र हातात घ्यावे. अयनांशांमुळे तारखेबद्दल शंका असेल तर दोन्ही तारखांपैकी आधीची धरून हे आवरायला घ्यावे.